प्रलंबित व्यापारचिन्ह अर्जाचा एजंट बदलताना घ्यावयाची काळजी

शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था व बचत गट आता हळद, गूळ, मिरची पूड, डाळी असा माल स्वतःच्या नावाने बांधून विकू लागले आहेत. पुडक्यावरील ते नाव किंवा चित्र म्हणजे व्यापारचिन्ह, ज्यास बाजारात ट्रेडमार्क म्हणतात. त्याच्या नोंदणीचा अर्ज बहुधा शहरातील एखाद्या एजंटामार्फत केलेला असतो. अर्ज केल्यापासून नोंदणी होईपर्यंत बराच काळ जातो, व त्या काळात निबंधक कार्यालय आणि अर्जदार यांच्यामध्ये तो एजंटच उभा असतो. पुढे कधी एजंट पत्रास उत्तर देत नाही, कधी वारंवार पैसे मागतो, कधी त्याने दुसराच व्यवसाय धरलेला असतो. अशा वेळी त्यास थांबवून काम दुसऱ्याकडे द्यावे असे संस्थेस वाटते. असे करण्यास कायद्याची आडकाठी नाही. परंतु हा बदल चुकीच्या क्रमाने केला, तर एजंट जातो आणि त्याच्याबरोबर अर्जही जातो. तो क्रम कोणता व तो तसाच का पाळावयाचा, याची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना व संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना व्हावी, म्हणून येथे दिली आहे.

एजंटाचा अधिकार कोठून येतो

व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम १४५ प्रमाणे अर्जदाराच्या वतीने तीन प्रकारच्या व्यक्ती काम पाहू शकतात : वकील, निबंधकाकडे नोंदलेला व्यापारचिन्ह एजंट, किंवा अर्जदाराच्याच नियमित नोकरीत असलेला मनुष्य. अर्जदाराने स्वतः काम पाहण्यासही मुभा आहे. एजंट नेमलाच पाहिजे असे नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

एजंटाचा अधिकार अर्जदाराने सही करून दिलेल्या अधिकारपत्रातून येतो. हे अधिकारपत्र देणाऱ्यास परत घेता येते, व त्यासाठी एजंटाची संमती लागत नाही. मात्र व्यापारचिन्ह नियम, २०१७ मधील नियम १९ ने या अधिकारपत्रास एक मोठा परिणाम जोडला आहे. एजंट नेमलेला असेल तर निबंधक कार्यालय आपली पत्रे व सूचना त्याच्याकडे पाठवू शकते, आणि एजंटाकडे पोहोचलेला कागद अर्जदारास पोहोचला असेच समजले जाते. नियम १८ प्रमाणे ई-मेलने पाठविलेला कागद पाठविल्याच्या क्षणीच पोहोचला असे धरतात. म्हणजे सूचना एजंटाच्या ई-मेलमध्ये न उघडता पडून राहिली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती गावातील कंपनीच्या हाती पडलेली असते आणि मुदत चालू झालेली असते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या. पहिली अशी की, एजंटास “आता आमचे काम पाहू नका” असे फोनवर किंवा पत्राने सांगितले, तर तो बदल फक्त त्या दोघांपुरता होतो. निबंधक कार्यालयाच्या दप्तरी जुनेच नाव राहते आणि पत्रे जुन्याच पत्त्यावर जात राहतात. दुसरी अशी की, थांबण्यास सांगितलेला एजंट ती पत्रे पुढे पाठविण्याची घाई करीलच असे नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे अर्ज कोणाच्याच देखरेखीखाली राहत नाही. पुष्कळ अर्ज बुडतात ते या पोकळीतच बुडतात.

कोणत्या मुदती जपावयाच्या

अर्जाच्या वाटेवर अनेक मुदती असल्या तरी एजंट बदलताना दोन मुदतींकडे विशेष लक्ष द्यावे.

पहिली मुदत परीक्षण अहवालाची. अर्ज तपासून निबंधक कार्यालय आपल्या हरकती एका अहवालात कळविते. नाव मालाचे केवळ वर्णन करणारे आहे, किंवा आधीच्या एखाद्या चिन्हाशी मिळते आहे, अशा त्या हरकती असतात. अहवाल मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत त्यास उत्तर द्यावे लागते. उत्तर न आल्यास निबंधक तो अर्ज सोडून दिला आहे असे मानू शकतो.

दुसरी मुदत याहून कठीण आहे. अर्ज स्वीकारला गेला की तो व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध होतो, व त्यानंतर चार महिन्यांपर्यंत कोणासही त्यास विरोध नोंदविता येतो. विरोधाच्या सूचनेची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत अर्जदाराने आपले प्रतिनिवेदन दाखल करावयाचे असते. ते न केल्यास अर्ज सोडून दिला असे कायदाच मानतो. ही मुदत वाढवून मिळत नाही. सबब अर्जास विरोध झालेला असेल, तर एजंट बदलण्याचे काम एक दिवसही लांबवू नये.

अर्ज बुडाल्यास नवा करता येतो, हे खरे. त्यासाठी प्रत्येक वर्गास ऑनलाइन शुल्क व्यक्ती, नवउद्यम व लघुउद्योग यांस ४,५०० रुपये आणि इतरांस ९,००० रुपये आहे. परंतु खरे नुकसान या रकमेचे नसते, ते तारखेचे असते. नव्या अर्जास नवी तारीख मिळते. जुन्या व नव्या तारखेच्या दरम्यान दुसऱ्या कोणी तेच किंवा मिळतेजुळते नाव मागितले असेल, तर त्याचा अर्ज आधीचा ठरतो. मग आपण ते नाव पूर्वीपासून वापरीत होतो हे बिले, पुडकी व जाहिराती दाखवून सिद्ध करीत बसावे लागते.

आरंभ अर्ज पाहण्यापासून करावा

एजंटास पत्र लिहिण्यापूर्वी अर्ज आज कोठे आहे ते पाहावे. यासाठी एजंटाकडे जाण्याची गरज नाही. ipindia.gov.in या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक घातला असता त्याची सद्यःस्थिती दिसते. तेथे `Objected` असा शब्द असल्यास परीक्षण अहवालात हरकती आलेल्या आहेत. `Opposed` म्हणजे कोणीतरी विरोध केला आहे. `Abandoned` म्हणजे अर्ज सोडून दिल्याचे मानले गेले आहे. त्याच ठिकाणी आतापर्यंत दाखल झालेले कागद व कार्यालयाने पाठविलेली पत्रे तारखांसह पाहावयास मिळतात. ती सर्व उतरवून घ्यावीत आणि शेवटच्या पत्राची तारीख व त्यावरून निघणारी मुदत कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. पुढची प्रत्येक गोष्ट या तारखेच्या मागून चालावयाची आहे.

अर्ज पाहताना तीन बाबी तपासाव्यात. अर्जदार म्हणून कोणाचे नाव आहे, हे सर्वांत आधी पाहावे. कंपनीने पैसे भरलेले असतात, परंतु अर्ज अध्यक्षाच्या व्यक्तिगत नावावर किंवा क्वचित एजंटाच्याच नावावर केलेला आढळतो. अर्ज एजंटाच्या नावावर असेल, तर अधिकारपत्र मागे घेऊन काही साधत नाही. तो मालकीचा प्रश्न असून त्यासाठी वकिलाचा स्वतंत्र सल्ला घ्यावा लागतो. यानंतर संपर्काचा पत्ता व ई-मेल कोणाचा दिला आहे ते पाहावे. शेवटी, त्या एजंटाकडे संस्थेचे आणखी किती अर्ज आहेत ते मोजावे. एका चिन्हासाठी दोन वर्गांत वेगळे अर्ज असू शकतात. हळद पूड, गूळ व मसाले हे वर्ग ३० मध्ये येतात, तर कच्चे धान्य व ताजी फळे वर्ग ३१ मध्ये. प्रत्येक अर्जाचा क्रमांक पत्रात लिहिला नाही, तर एक अर्ज नव्या एजंटाकडे जातो आणि दुसरा जुन्याकडे विसरला जातो.

आधी नवा, मग जुना

मुदत कळली की संस्थेने ठराव करावा. कंपनी असल्यास संचालक मंडळाचा, सहकारी संस्था असल्यास व्यवस्थापन समितीचा ठराव हवा. ठरावात तीन गोष्टी असाव्यात : जुन्या एजंटाचा अधिकार अमुक क्रमांकाच्या अर्जांपुरता मागे घेणे, नव्या एजंटास तो देणे, आणि या कागदांवर सही कोणी करावयाची ते ठरविणे. ठरावाशिवाय अध्यक्षाने केलेल्या सहीबद्दल पुढे वाद निघू शकतो.

त्यानंतर नव्या एजंटास अधिकारपत्र लिहून द्यावे. ते योग्य मुद्रांकावर असावे. त्यात “यापूर्वी या अर्जासंबंधी दिलेली सर्व अधिकारपत्रे याद्वारे रद्द करण्यात येत आहेत” हे वाक्य अवश्य घालावे. हे वाक्य नसल्यास दप्तरी दोन एजंट उभे राहतात, आणि कार्यालयाचे पत्र कोणाकडे गेले याचा पत्ता लागत नाही. एजंटाच्या नेमणुकीसाठी नियम १९ मध्ये टीएम-एम हा नमुना सांगितला आहे. त्या नमुन्यासोबत नवे अधिकारपत्र, ठरावाची प्रत व जुने अधिकारपत्र रद्द केल्याचे पत्र निबंधक कार्यालयाकडे दाखल करावे. महाराष्ट्र व गोव्यातील अर्जदारांचे कार्यालय मुंबईस आहे. दाखल केल्याची पावती जपून ठेवावी. संस्थेला स्वतःच काम पाहावयाचे असेल, तर नव्या एजंटाऐवजी संस्थेचा पत्ता व संस्थेचा ई-मेल कळवावा.

निबंधकाकडे जाणारे कागद इंग्रजी किंवा हिंदी भाषेत असावे लागतात. याच ठिकाणी शब्दांची एक चूक होते व ती फार महाग पडते. मागे घ्यावयाचे असते ते अधिकारपत्र, परंतु घाईत लिहिलेल्या पत्रात “आमचा अर्ज मागे घेत आहोत” असा अर्थ उमटतो. कार्यालय त्या पत्रास अर्जच मागे घेतल्याचे पत्र समजू शकते. म्हणून पत्रात स्पष्ट लिहावे की, केवळ एजंटाचा अधिकार रद्द होत असून अर्ज कायम आहे व तो पुढे चालवावयाचा आहे. पत्र पाठविण्यापूर्वी इंग्रजी जाणणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून ते एकदा वाचून घ्यावे.

जुन्या एजंटाचे ना-हरकत पत्र हवे काय, असे नेहमी विचारले जाते. निबंधक कार्यालयाचे नियम अशी अट घालीत नाहीत. नवा एजंट वकील असेल तर तो व्यवसायाच्या शिष्टाचारासाठी असे पत्र मागेल. ते सहज मिळाल्यास घ्यावे. न मिळाल्यास ते मागितले होते याचा लेखी पुरावा ठेवून पुढे जावे. ना-हरकतीची वाट पाहत मुदत घालविणे हा शहाणपणा नव्हे.

जुन्या एजंटास लिहावयाचे पत्र

नवे अधिकारपत्र दाखल होईल त्याच दिवशी जुन्या एजंटास पत्र जावे. ते ई-मेलने व स्पीड पोस्टने असे दोन्ही मार्गांनी पाठवावे. पत्रात दोषारोप करू नयेत. तक्रार असल्यास ती वेगळ्या पत्राने करावी, कारण दोषारोपाच्या पत्रास उत्तर येते, दप्तर येत नाही. पत्राचा नमुना पुढीलप्रमाणे ठेवावा.

“विषय : व्यापारचिन्ह अर्ज क्रमांक …… , वर्ग …… .

महोदय, वरील अर्जाचे काम पाहण्याचा जो अधिकार आमच्या कंपनीने आपणांस दिनांक …… च्या अधिकारपत्राने दिला होता, तो संचालक मंडळाच्या दिनांक …… च्या ठरावानुसार आजपासून मागे घेण्यात येत आहे. अर्ज कायम असून त्याचे पुढील काम …… हे पाहतील. यापुढे आपण या अर्जासंबंधी कोणतेही उत्तर, विनंती अथवा दुरुस्ती निबंधक कार्यालयाकडे दाखल करू नये.

या अर्जासंबंधी आपणांकडे आलेली व यापुढे येणारी प्रत्येक सूचना त्याच दिवशी खालील ई-मेलवर पाठवावी. कोणत्याही सूचनेची मुदत चालू असल्यास तिची तारीख उलट टपाली कळवावी.

सोबतच्या यादीतील कागदपत्रे सात दिवसांच्या आत नव्या एजंटाच्या स्वाधीन करून त्यांची पोच घ्यावी. आजपर्यंत झालेल्या कामाचे देयक तपशिलासह पाठवावे. ते तपासून योग्य ती रक्कम देण्यात येईल.”

या पत्रात दोन वेगळ्या आज्ञा आहेत व दोन्ही आवश्यक आहेत. एक, काही दाखल करू नये. दोन, आलेले काही अडवून ठेवू नये. केवळ “काम थांबवा” असे लिहिल्यास एजंट सूचना पुढे पाठविण्याचेही थांबवितो, आणि ते थांबविण्यास आपणांसच सांगितले होते असे म्हणतो.

दप्तरात काय मागावे

निबंधक कार्यालयात दाखल झालेले कागद संकेतस्थळावरून मिळतात. म्हणून एजंटाकडून मुख्यतः ते कागद मागावयाचे, जे तेथे नसतात. चिन्हाचे मूळ चित्र, नाव शोधल्याचा अहवाल, शुल्काच्या पावत्या, संस्थेने पुरावा म्हणून दिलेली मूळ बिले व जुनी पुडकी, प्रतिज्ञापत्रांच्या मूळ प्रती, विरोधकाशी किंवा त्याच्या वकिलाशी झालेला पत्रव्यवहार, आणि तयार असून दाखल न झालेले उत्तरांचे मसुदे, एवढ्या गोष्टी यादीत असाव्यात. मूळ बिलांना विशेष महत्त्व आहे. नाव किती वर्षांपासून वापरात आहे हे त्यांवरूनच ठरते, व ती हरवल्यास पुन्हा मिळत नाहीत.

संचालकाच्या डिजिटल सहीचे उपकरण पुष्कळदा सल्लागाराकडेच पडून असते. ते याच वेळी परत घ्यावे. परत न मिळाल्यास ज्या संस्थेने ते प्रमाणपत्र दिले तिच्याकडून ते रद्द करून घ्यावे. अधिकार काढून घेतला आणि सही मात्र त्याच्याच हाती राहिली, तर काम अर्धेच झाले.

पैसे बाकी आहेत म्हणून एजंट दप्तर अडवू शकतो काय, हा प्रश्न नेहमी येतो. वकिलांपुरते याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिले आहे. मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेने आपल्या वकिलास कामावरून दूर केले व फाइली मागितल्या. वकिलाने ९७,१०० रुपये येणे दाखवून ते मिळेपर्यंत फाइली रोखून धरल्या. शुल्काच्या बाकीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलास नाही, त्याने ती रक्कम इतर कायदेशीर मार्गाने वसूल करावी, असा निर्णय न्यायालयाने दिला आणि फाइली न देणे हे व्यवसायातील गैरवर्तन ठरविले. हा निर्णय वकिलांविषयीचा आहे. एजंट वकील नसेल तर तो त्यास जसाच्या तसा लागू होईल असे धरून चालू नये. अशा वेळी वादात नसलेली रक्कम पावती घेऊन देऊन टाकावी आणि वादातील रकमेबद्दल लेखी कळवून ठेवावे. वकिलाविरुद्धची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करावयाची असते, व नोंदलेल्या व्यापारचिन्ह एजंटाविरुद्धची निबंधकाकडे. परंतु तक्रारीच्या निकालाची वाट अर्जाची मुदत पाहत नाही. दप्तर आले नाही तरी संकेतस्थळावरील कागदांवरून उत्तर तयार करता येते, आणि तसेच करावे.

एक उदाहरण

हळद पिकविणाऱ्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे उदाहरण कल्पून हा क्रम नीट दिसेल. कंपनीचा अर्ज वर्ग ३० मध्ये आहे. ९ जून रोजी परीक्षण अहवाल एजंटाच्या ई-मेलवर गेला. एजंटाने तो कळविला नाही. १९ जून रोजी कंपनीच्या सचिवाने संकेतस्थळ पाहिले तेव्हा `Objected` हा शब्द दिसला व अहवालही मिळाला. उत्तराची शेवटची तारीख ९ जुलै. हाती राहिले वीस दिवस.

येथे साहजिक प्रवृत्ती अशी होते की, प्रथम एजंटास गाठावे, जाब विचारावा व फाइल आणावी. तसे केले असते तर दोन आठवडे बोलण्यातच गेले असते. कंपनीने २० जून रोजी सर्व कागद संकेतस्थळावरून उतरवून घेतले व नव्या एजंटास दाखविले. अहवालातील हरकत अशी होती की, मसाल्याच्या एका आधीच्या चिन्हाशी नाव मिळते आहे. त्या उत्तरासाठी जुन्या विक्रीची बिले हवी होती, व मूळ बिले जुन्या एजंटाकडे होती. कंपनीने आपल्या हिशेबनिसाकडील कार्बन प्रती व माल घेणाऱ्या दोन दुकानदारांकडील बिले जमविण्यास लगेच आरंभ केला.

२३ जून रोजी संचालक मंडळाचा ठराव झाला. २४ जून रोजी नव्या एजंटाचे अधिकारपत्र सही झाले. २५ जून रोजी टीएम-एम नमुना, अधिकारपत्र, ठराव व रद्दपत्र निबंधक कार्यालयाकडे दाखल झाले, आणि त्याच दिवशी जुन्या एजंटास पत्र गेले. दप्तरी नवे नाव चढण्याची वाट न पाहता नव्या एजंटाने ३ जुलै रोजी अहवालाचे उत्तर दाखल केले व त्यास आपल्या अधिकारपत्राची प्रत पुन्हा जोडली. जुन्या एजंटाने १२ जुलै रोजी फाइल व ६,००० रुपयांचे देयक पाठविले. त्यांतील ४,००० रुपये झालेल्या कामाचे होते, ते देण्यात आले. उरलेले २,००० रुपये न दिलेल्या उत्तराबद्दल आकारले होते, ते लेखी कारण देऊन नाकारण्यात आले.

तारखा पाहिल्या असता दिसेल की, फाइल हाती येण्यापूर्वीच मुदत संपून गेली होती. फाइलची वाट पाहिली असती तर अर्ज बुडाला असता.

बदल झाला याची खात्री

पावती मिळाली म्हणजे दप्तरात बदल झाला असे नव्हे. पंधरा दिवसांनी व नंतर महिन्याने संकेतस्थळावर अर्ज पुन्हा पाहावा. एजंटाच्या जागी नवे नाव आलेले नसेल, तर पावतीचा क्रमांक देऊन स्मरणपत्र द्यावे. नाव बदलेपर्यंत आठवड्यातून एकदा अर्जाची स्थिती पाहण्याचे काम संस्थेतील एका ठरावीक माणसाकडे सोपवावे. नाव बदलल्यावरही महिन्यातून एकदा पाहण्याची सवय मोडू नये. पहिल्या एजंटाने जे केले ते दुसराही करू शकतो.

मुदत आधीच टळलेली आढळल्यास दोन अवस्था संभवतात. परीक्षण अहवालाचा महिना उलटला आहे, परंतु अर्ज सोडून दिल्याचा आदेश अजून निघालेला नाही, अशी एक अवस्था. अशा वेळी विलंबाचे कारण लिहून उत्तर ताबडतोब दाखल करावे. आदेश निघालेला असेल तर ती दुसरी अवस्था. तेव्हा आदेशाच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत निबंधकाकडे पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो. त्यास आणखी जास्तीत जास्त एक महिना वाढवून मिळू शकतो. निबंधकाच्या आदेशाविरुद्ध तीन महिन्यांच्या आत अपीलही करता येते. पूर्वी ते एका स्वतंत्र अपील मंडळाकडे जात असे. ते मंडळ २०२१ साली बंद झाल्यापासून असे अपील उच्च न्यायालयात होते. एजंटाने कळविले नाही, एवढे कारण पुरेसे मानले जाईल याची शाश्वती नाही, कारण नियमाप्रमाणे एजंटास पोहोचलेली सूचना अर्जदारासच पोहोचलेली असते. एजंटाशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावयाचा तो याचसाठी.

पेटंटाच्या अर्जात फरक कोणता

एखाद्या शेतकऱ्याने पेरणीचे किंवा काढणीचे अवजार तयार करून पेटंटासाठी अर्ज केला असेल, तर एजंट बदलण्याचा क्रम हाच आहे. नमुना मात्र वेगळा, म्हणजे पेटंट नियमांतील नमुना २६, आणि एजंट पेटंट कार्यालयाकडे नोंदलेला असावा लागतो. तेथेही एजंटास दिलेली सूचना अर्जदारास दिलेली समजतात. पहिल्या परीक्षण अहवालानंतर अर्ज सर्व हरकती दूर करून व्यवस्थित करण्यास सहा महिने मिळतात, व त्या मुदतीतच विनंती केल्यास तीन महिन्यांपर्यंत वाढ मिळते.

पेटंटात आणखी एक मुदत अशी आहे की, तिच्याबद्दल कार्यालयाकडून हरकत किंवा अहवाल येण्याची वाट पाहता येत नाही. अर्जाची तपासणी व्हावी अशी विनंती अर्जदारानेच नमुना १८ वर करावयाची असते. १५ मार्च २०२४ पासून केलेल्या अर्जांस त्यासाठी ३१ महिने मिळतात, त्यापूर्वीच्या अर्जांस ४८ महिने होते. ही विनंती न झाल्यास अर्ज मागे घेतला असे समजले जाते. म्हणून पेटंटाचे दप्तर नव्या एजंटाकडे देताना नमुना १८ दाखल झाला आहे किंवा नाही, हे पहिल्याच दिवशी विचारावे व त्याची पावती पाहिल्याशिवाय जुन्या एजंटाचे देयक चुकते करू नये.